तिघी, तीन खोल्या आणि ३६ हजार भाडं: कुणी किती द्यायचे?

*ताई, आम्ही तिघी पुण्यात वारज्याला थ्री बीएचकेमध्ये राहतो, भाडं ३६ हजार, प्रत्येकी १२. एकीकडे मास्टर बेडरूम आहे, पूर्वेची बाल्कनी आणि अटॅच्ड बाथरूम. दुसरीकडे मधली खोली, मोठी खिडकी, मस्त उजेड, पण तिची यूएस शिफ्ट असल्याने ती दिवसभर पडदे ओढून झोपते. माझी सगळ्यात छोटी, खिडकी डक्टमध्ये उघडते, भर दुपारी ट्यूब लावावी लागते आणि माझं आठवड्यातले चार दिवस वर्क फ्रॉम होम असतं. मी टेपने मोजलं: मास्टर १४ बाय ११, तिचं बाथरूम ८ बाय ४, मधली ११ बाय १०, माझी १० बाय ८, पूर्ण फ्लॅट कार्पेट ८६०. मी म्हटलं स्क्वेअर फुटाने वाटू, तर मास्टरवाली म्हणाली हॉल-किचन सगळ्यांना सारखंच आहे ना, शिवाय फ्लॅट शोधायला मीच उन्हातान्हात फिरले. पुढच्या महिन्यात अॅग्रीमेंट रिन्यू करायचंय. मी उगाच पै-पैचा हिशोब करतेय का?*

*— एक वाचक*

उगाच नाही करत आहेस गं. तिघी सारखंच भाडं देता आणि तुझ्या वाट्याला ऊन येत नाही, हे खटकणारच आणि हे बोलायची वेळही रिन्यूअलच्या आधीचीच असते, एकदा अकरा महिन्यांची सही झाली की पुढे सगळं "आता जाऊ दे ना" वर जातं. फक्त एक आहे, तुझी मागणी बरोबर असली तरी तुझा हिशोब बरोबर नाही, आणि मास्टरवालीचा हिशोब चूक असला तरी तिच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करून पुढे जाऊ.

तू म्हणतेस तसं तीन खोल्यांच्या स्क्वेअर फुटांवर पूर्ण ३६ हजार वाटले (अटॅच्ड बाथरूम न धरता), तर मास्टरला साधारण १६,१०० येतात, मधलीला ११,५०० आणि तुला ८,४००. तुला ऐकायला छान वाटेल पण यात काय झालं बघ, हॉल, किचन, पॅसेज, कॉमन बाथरूम ह्या सगळ्याचं भाडंसुद्धा आपण खोलीच्या मापाने वाटलं, म्हणजे मास्टरवाली हॉलचे तुझ्या जवळजवळ दुप्पट पैसे भरणार आणि सोफ्यावर बसणार तेवढीच जेवढी तू बसतेस. हे तिला पटणार नाही आणि पटूही नये.

मग असं करायचं. ८६० फुटांना ३६ हजार म्हणजे फुटाला साधारण ४२ रुपये पडतात. जिथे फक्त एकीचाच वावर आहे ती जागा तिच्या नावावर, बाकीची तिघींची. अटॅच्ड बाथरूम मास्टरच्याच नावावर धरायचं, कारण तिची खोली ओलांडल्याशिवाय तुम्ही दोघी तिथे जाऊच शकत नाही. म्हणजे मास्टरवालीची स्वतःची जागा १८६ फूट, मधलीची ११० आणि तुझी ८०. उरले ४८४ फूट, ते तिघींचे, त्याचे प्रत्येकी साधारण पावणेसात हजार. त्यावर आपापल्या खोलीचे पैसे चढवले की मास्टर १४,५५०, मधली ११,३५० आणि तू १०,१००. तिच्या हॉल-किचनचा मान राहिला, तुझ्या छोट्या खोलीचाही राहिला आणि कुणालाही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येईल असं आहे, म्हणून पहिल्या बोलण्यासाठी हाच आकडा टेबलावर ठेव असं माझं म्हणणं. कॉमन बाथरूम मी मुद्दाम तिघींच्या जागेत धरलं, कारण मास्टरवालीकडे आलेले पाहुणेही तेच वापरतात.

पण टेपला बाथरूमचं माप कळतं, बाथरूम असण्याचं सुख कळत नाही. सकाळी नऊला मीटिंग आहे आणि आत कुणीतरी केस धुतंय, गीझरचं पाणी संपलंय, पाहुणे आल्यावर ओली फरशी पुसायची कुणी, ह्यातलं काहीच बत्तीस स्क्वेअर फुटात मावत नाही. आणि उजेडाचं तर टेपला अजिबातच कळत नाही, तुझी खोली आणि पूर्वेला खिडकी असलेली तेवढीच दुसरी खोली फुटाच्या हिशोबात सारखीच.

म्हणून खोलीचा उजेड आधी नीट बघून घे, तिघी मिळून बघा, कारण मास्टरवालीने तुझ्या खोलीत भर दुपारी दिवा न लावता पाच मिनिटंही काढली नसतील. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला ट्यूब बंद करायची, दार लावून घ्यायचं आणि टेबलावर पेपर धरायचा, अक्षरं वाचता येतायत का. डक्टची खिडकी उघडून वास घ्यायचा, कारण बऱ्याच बिल्डिंगमध्ये डक्टमध्येच सगळ्या बाथरूमचे पाइप आणि एक्झॉस्ट असतात, त्यामुळे खिडकी असूनही ती उघडता येत नाही आणि हवा खेळत नाही. कपाटाच्या मागची भिंत हाताने चाचपायची, पावसाळ्यात तिथे ओल धरते का, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो का. आणि दुसऱ्या बाजूनेही बघा, मधली खोली पश्चिमेला असेल तर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ती भट्टी होते, तेव्हा तुझी अंधारी खोली घरातली सगळ्यात गार असते. प्रत्येक वेळी उजेड म्हणजे फायदाच असं नसतं.

आता मला तुला एक विचारायचंय, जरा थांबून उत्तर दे. तुला पैसे कमी हवेत की उजेड हवा? कारण पूर्ण पत्रात तू खोल्या आहेत तशाच राहणार हे धरून चाललीयस. ज्या मुलीला दिवसा झोपायला अंधार हवा ती सगळ्यात उजेडाच्या खोलीत पडदे ओढून झोपते आणि जी चार दिवस घरून काम करते ती ट्यूबखाली बसते. हे मला भाड्यापेक्षा जास्त खटकलं.

इथे फुटाचा हिशोब संपतो, कारण एकच खोली दोघींना वेगवेगळ्या किमतीची वाटते. ह्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत चांगली. तिघींनी एकमेकींना न दाखवता एका कागदावर तिन्ही खोल्यांसमोर आकडा लिहायचा, अट एवढीच की तीन आकड्यांची बेरीज ३६ हजार आली पाहिजे. आकडा कसा ठरवायचा तर असा की ह्या भावाला तिन्हीतली कुठलीही खोली मिळाली तरी मला सारखंच चालेल. अडलं तर स्वतःला रुपयात प्रश्न विचारायचे: मास्टरचं अटॅच्ड बाथरूम उद्या बंद पडलं तर त्या खोलीचे मी किती कमी देईन? माझ्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी मिळाली तर किती जास्त देईन? पाचशे, हजार, दोन हजार, जे मनात येईल ते.

समजा मास्टरवालीने लिहिलं मास्टर १५,५००, मधली ११,५००, छोटी ९,०००. मधलीने लिहिलं मास्टर १३,५००, मधली १२,०००, छोटी १०,५००, कारण तिला अंधाराचं काही वाटत नाही. तू लिहिलंस मास्टर १४,५००, मधली १३,०००, छोटी ८,५००. आता कुणाला कुठली खोली दिली की ह्या लिहिलेल्या आकड्यांची बेरीज सगळ्यात जास्त होते ते बघायचं, तिघींत सहाच प्रकार होतात, दहा मिनिटांत होतं. आत्ता आहे तसंच ठेवलं तर १५,५०० अधिक १२,००० अधिक ८,५००, बरोबर ३६ हजार. पण तू आणि मधलीने खोल्या बदलल्या तर १५,५०० अधिक १०,५०० अधिक १३,०००, म्हणजे ३९ हजार. बाकीचे चार प्रकार ह्याच्या खालीच राहतात. म्हणजे अदलाबदल केली तर तिघींना मिळून भाड्यापेक्षा तीन हजार जास्त मोलाचं घर मिळतंय, तेही मालकाला एक रुपया जास्त न देता.

ते वरचे तीन हजार तिघींत सारखे वाटून प्रत्येकीच्या आकड्यातून हजार हजार कमी करायचे. मास्टर १४,५००, तू मधल्या खोलीत १२,०००, आणि मधली तुझ्या खोलीत ९,५००. बेरीज ३६ हजार. मग तपासायचं, प्रत्येकीने स्वतःच्या चिठ्ठीकडे बघून सांगायचं की ह्या भावाला दुसरीची खोली आपल्याला जास्त परवडली असती का. तुला मधली खोली तुझ्या आकड्यापेक्षा हजाराने स्वस्त पडली, मास्टर तुझ्या आकड्याइतकीच आहे, छोटी तर हजाराने महाग. मधलीला छोटी हजाराने स्वस्त, मास्टर हजाराने महाग. मास्टरवालीला मास्टर हजाराने स्वस्त आणि बाकी दोन्ही पाचशेने महाग. म्हणजे कुणाचाच डोळा दुसरीच्या खोलीवर नाही. तुझं भाडं १२ चं १२ च राहिलं हे खरं, पण त्यात आता खिडकी आली.

आणि खोल्या न बदलता नुसते आकडे फिरवून हे का होत नाही तेही सांगते, कारण बहुतेक घरांत भांडण इथेच अडकतं. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तुला छोट्या खोलीत समाधानाने राहायला ती मधलीपेक्षा निदान ४,५०० ने स्वस्त हवी. मधलीच्या चिठ्ठीप्रमाणे तिची खोली छोटीपेक्षा १,५०० हून जास्त महाग झाली तर तिला वाटणार की ह्यापेक्षा मी तिकडेच जाते. एकीला निदान साडेचार हजाराचा फरक हवा, दुसरीला दीड हजाराच्या वर नको, असा आकडाच अस्तित्वात नाही. मग तुम्ही रात्री बारापर्यंत हॉलमध्ये बसून ९,८०० की १०,२०० करत राहिलात तरी एक जण नाराज उठणारच आणि सगळ्यांना वाटणार की अमकी अॅडजस्ट करत नाही, खरं तर अॅडजस्ट करण्यासारखं तिथे काही नसतंच.

दोन-तीन ठिकाणी हे फसतं, ते आधीच माहीत असू दे. एक म्हणजे हजार हजार सारखे कमी केले की तपासणी दर वेळी अशी गुळगुळीत सुटेलच असं नाही, कधी कधी एकीला दुसरीची खोली स्वस्त वाटते. मग जिच्यावर डोळा आहे त्या खोलीचं भाडं दोनशे-अडीचशेने वाढवायचं, तेवढंच बाकीच्या दोघींत कमी करायचं आणि परत विचारायचं. बेरजेने वाटलेल्या खोल्या तशाच ठेवल्या तर कुठल्यातरी आकड्यावर ते जुळतंच. ज्यांना चिठ्ठीवर आकडे लिहायलाच जमत नाही त्यांनी सरळ उलटं करावं, तीन भाव मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येकीला विचारायचं, ह्या भावाला तू कुठली घेशील? दोघींनी एकच सांगितली की तिचा भाव वाढवायचा, बाकीच्यांचा उतरवायचा, पुन्हा विचारायचं. फ्रान्सिस सू नावाच्या गणितज्ञाने १९९९ साली अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात नेमका हाच भाड्याचा प्रश्न घेऊन दाखवलंय की काही साध्या अटी पाळल्या तर असं विचारत विचारत सगळ्यांना आपापली खोली पसंत पडेल अशा भावाच्या हवं तितकं जवळ जाता येतं.

दुसरं, खोटे आकडे. मधलीला आधी कळलं की तुला तिची खोली किती हवीय, तर ती छोटीचा आकडा मुद्दाम पाडून लिहू शकते, म्हणजे तिला अजून स्वस्तात मिळेल. म्हणून आकड्यांची चर्चा आधी नको, तिघींनी एकदम लिहायचं, एकदम उघडायचं. पण ती दिवसा झोपते आणि तू घरून काम करतेस ह्याबद्दल मात्र आधी मोकळेपणाने बोल, खोली बदलायला तयार आहे का एवढं तिला एकटीला चहा घेताना विचार, सगळ्यांसमोर विचारलंस तर ती बचावात जाईल. तिला डक्टच्या आवाजाने झोप लागणार नसेल तर हा सगळा हिशोब बदलतो, तेव्हा तिला एका सुट्टीच्या दुपारी तुझ्या खोलीत झोपून बघू दे.

तिसरं, बजेट. एखादीला खोलीची किंमत १५ हजार वाटते पण पगारातून १२ च्या वर निघत नाहीत, असं असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी तिने ते सांगितलं पाहिजे. पगार कमी असलेल्या मैत्रिणीचं भाडं बाकीच्यांनी थोडं उचलायचं असेल तर जरूर उचला, चांगलीच गोष्ट आहे, पण ते खोलीच्या भावात मिसळू नका, ते वेगळं ठरवा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की कुठले हजार खोलीचे होते आणि कुठले मैत्रीचे.

राहिलं मास्टरवालीचं उन्हातान्हात फिरणं. ते मी हलक्यात घेणार नाही, ब्रोकर दाखवेल ते बघत फिरणं, मालकाशी बोलणं, ह्या सगळ्याला वेळ जातो आणि तो तिने दिला. पण त्याची परतफेड एकदाच होऊ शकते, दर महिन्याला होऊ शकत नाही. तिला सांग की ब्रोकरेजमधला तिचा वाटा आम्ही दोघी उचलतो किंवा रिन्यूअलच्या स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा खर्च आमच्याकडे, आणि ते खरंच द्या. मग मास्टरचा भाव मास्टरच्या भावाने बोलता येईल.

लाइट बिल मात्र ह्यात ओढू नकोस. "मला दिवसा ट्यूब लागते" हा मुद्दा बिलासाठी कमजोर आहे, १८ वॅटची एलईडी ट्यूब रोज दहा तास चालली तरी महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास होतात. मास्टरमध्ये एसी असेल तर गोष्ट वेगळी, दीड टनाचा एसी उन्हाळ्यात एका रात्रीत त्याहून जास्त खाऊ शकतो, तिथे इलेक्ट्रिशियनकडून एक सबमीटर लावून घ्या आणि एसीचे युनिट तिच्या नावावर. वायफाय, गॅस, कामवाल्या मावशींचे पैसे माणशी सारखेच, फक्त अटॅच्ड बाथरूम धुवायचे मावशी वेगळे घेत असतील तर ते तिचे.

तुझ्यासारखं पत्र अजून काही जणांकडून येतं, त्यात मास्टरमध्ये दोघे असतात आणि ते म्हणतात आमची एक खोली म्हणून तिसरा हिस्सा. तिथे कॉमन जागा माणशी वाटायची, चौघांत चार भाग, आणि खोलीचे पैसे खोलीप्रमाणे, ते दोघांनी आपसात निम्मे करावेत. हॉल वापरायला आणि सकाळी बेसिनपाशी उभं राहायला माणसं येतात, खोल्या येत नाहीत.

आता रिन्यूअलचं. मालकाला ३६ हजार एकरकमी मिळण्याशी मतलब, त्यामुळे लीव्ह अँड लायसन्सच्या कागदात एकूण भाडंच राहू दे, तिघींची नावं मात्र त्यात असायलाच हवीत. तुमची वाटणी तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मेसेजमध्ये लिहायची, कुठली खोली कुणाची, किती रुपये, कधीपासून, आणि तिघींनी खाली "ओके" टाकायचं. मालकाने भाडं वाढवलं तर वाढ तिघींत सारखी वाटू नका, त्याच प्रमाणात वाढवा, ३८ हजार झाले तर साधारण १५,३००, १२,७०० आणि १०,०००. कुणी सोडून गेली आणि नवीन आली तर मात्र चिठ्ठ्या परत, नव्या मुलीला तुमचे जुने भाव तिला विचारल्याशिवाय लावू नका.

डिपॉझिट सारखंच भरलं असेल तर ते तसंच राहू दे, ते परत मिळणारे पैसे आहेत, त्यात फोड करत बसू नका. पण सामान हलवायच्या आधी दोन्ही खोल्यांच्या चारही भिंती, खिडकीची जाळी, कपाटाची दारं आणि कपाटामागची ती ओलीची भिंत, सगळ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाका, कारण सोडताना मालक रंगाचे पैसे कापणार आणि कुठला डाग कुणाच्या काळातला हे तेव्हा कुणालाच सांगता येणार नाही.